तिप्पट बजेट, पण ऑर्डरी किती?

प्रश्न: गेल्या सहा महिन्यांत आम्ही ऑनलाइन जाहिरातींवर महिन्याला सरासरी १ लाख खर्च केले. महिन्याला साधारण १०,००० क्लिक आणि २०० ऑर्डरी आल्या, म्हणजे कन्व्हर्जन रेट २ टक्के. सरासरी ऑर्डर १,५०० ची. पुढच्या तिमाहीपासून बजेट महिन्याला ३ लाख होणार आहे आणि विक्री किती होईल ते साहेबांना लिहून द्यायचंय. ३ लाखांत ३०,००० क्लिक, २ टक्क्यांनी ६०० ऑर्डरी, ९ लाखांची विक्री, असं दिलं तर चालेल का?

उत्तर:

नका देऊ. गुणाकारात चूक नाही, पण तुमचा २ टक्के हा आकडा पुढच्या २ लाखांना लागू होत नाही. तो झालेल्या १ लाखाचा आहे. नवीन पैसे नवीन माणसांकडे जाणार आणि ती माणसं जुन्यांइतक्या सहज खरेदी करत नाहीत. तेव्हा शोधायचं ते एवढंच: वाढीव २ लाख नेमके कुठे खर्च होतील आणि तिथे किती ऑर्डरी मिळतील?

हे मी स्वतः ठेच लागून शिकले. सुरुवातीच्या काळात एका कंपनीसाठी मी असाच सरळ गुणाकार करून अंदाज दिला होता. बजेट दुप्पट, म्हणून विक्री दुप्पट. शीट इतकी नीटनेटकी होती की कोणी शंकाच घेतली नाही. माझ्या आकड्यावर खरेदी विभागानं माल मागवला. महिनाअखेरीस ऑर्डरी जेमतेम दीडपट झाल्या आणि उरलेल्या मालाची खोकी पुढचे चार महिने गोदामाच्या दारापर्यंत रचलेली होती. येता-जाता दिसायची. अंदाज चुकला याचं तितकं वाईट वाटलं नाही. तो चुकणार हे आदल्याच महिन्याच्या रिपोर्टमध्ये दिसत होतं आणि मी पाहिलं नव्हतं, हे जास्त लागलं.

पाहायचं काय, ते आता तुमच्याच आकड्यांवर करून दाखवते. तुम्ही फक्त एकूण आकडे दिले आहेत, त्यामुळे आतली फोड मी गृहीत धरतेय. तुमच्या खात्यात आकडे वेगळे निघतील, पण रीत हीच राहील.

२ टक्के फोडून बघा

जवळपास प्रत्येक खात्यात तीन तऱ्हेचे क्लिक एकत्र मिसळलेले असतात. पहिले, तुमच्या ब्रँडचं नाव टाइप करून शोधणारे. ते विकत घ्यायलाच निघालेले असतात. दुसरे, एकदा साइटवर येऊन गेलेले, ज्यांना तुम्ही पुन्हा जाहिरात दाखवता, म्हणजे रीटार्गेटिंग. तिसरे, तुम्हाला अजिबात न ओळखणारे, नुसतं वस्तूचं नाव शोधणारे. समजा, तुमचा महिना असा आहे:

| कॅम्पेन | खर्च | क्लिक | ऑर्डरी | कन्व्हर्जन रेट |
|---|---|---|---|---|
| ब्रँडचं नाव | १०,००० | २,००० | ९० | ४.५% |
| रीटार्गेटिंग | २०,००० | २,००० | ५० | २.५% |
| नवे ग्राहक | ७०,००० | ६,००० | ६० | १% |
| एकूण | १,००,००० | १०,००० | २०० | २% |

आता बघा, २ टक्के दरानं खरेदी करणारा गट या तक्त्यात कुठेच नाही. तो नुसता मिसळणीचा आकडा आहे. मिसळण बदलली की तोही बदलतो, मग भले एकाही कॅम्पेनची कामगिरी तसूभरही बदललेली नसो.

आणि बजेट वाढलं की मिसळण बदलतेच. ब्रँडच्या नावाचं कॅम्पेन घ्या. गूगल अॅड्समध्ये `Search impr. share` नावाचा कॉलम असतो. तुमची जाहिरात जितक्या वेळा दिसू शकली असती, त्यातल्या किती टक्के वेळा ती प्रत्यक्ष दिसली, ते तो सांगतो. ब्रँडच्या नावावर हा आकडा बहुतेकदा ९० च्या आसपास असतो. मग जागा उरली किती? फार तर दहा टक्के. तिथे पैसे तिप्पट ओतले तरी तुमचं नाव शोधणारी माणसं तिप्पट होणार नाहीत. म्हणून मी तिथे १०,००० चे ११,००० धरते आणि ९० च्या ९९ ऑर्डरी. बास.

रीटार्गेटिंगचंही तेच, फक्त थोडी ढील आहे. त्याचा तलाव साइटवर येणाऱ्या माणसांनी भरतो. नव्या ग्राहकांवरचा खर्च वाढला की तलाव मोठा होतो, पण खर्चाच्या प्रमाणात नाही, आणि नव्यानं भरलेलं पाणी जरा पातळ असतं. त्याच माणसांना दिवसातून आठ वेळा जाहिरात दाखवून पैसे संपवता येतात खरे, ऑर्डरी मात्र त्या हिशेबानं येत नाहीत. इथे मी २०,००० चे ३५,००० करते.

मग ३ लाखांतले उरले २,५४,०००. ते सगळे नव्या ग्राहकांच्या कॅम्पेनवर जाणार. म्हणजे बजेट तिप्पट झालं असं आपण म्हणतो, पण सर्वांत कमी दरानं विकणारं कॅम्पेन साडेतीन पटींच्याही वर जातंय आणि सर्वांत चांगलं विकणारं जागच्या जागी आहे.

एवढं केल्यावर, प्रत्येक कॅम्पेनचा क्लिकचा दर आणि कन्व्हर्जन रेट जुनाच ठेवून हिशेब केला तरी ब्रँडच्या ९९, रीटार्गेटिंगच्या ८७ आणि नव्या ग्राहकांच्या २१८ ऑर्डरी होतात. एकूण ४०४. सहाशेतली तिसऱ्या हिश्श्याची हवा नुसत्या फोडीनंच गेली. यात निराशावाद कुठेच नाही, फक्त बेरीज योग्य ठिकाणी केली आहे.

पुढचा क्लिक मागच्यापेक्षा महाग पडतो

४०४ हाही फुगलेला आकडा आहे, कारण नव्या ग्राहकांच्या कॅम्पेनमध्ये साडेतीन पट पैसे टाकूनही जुनाच दर मिळेल असं आपण धरलंय. तसं होत नाही, आणि का होत नाही ते खात्यातच वाचता येतं.

त्याच गूगल अॅड्समध्ये आणखी दोन कॉलम आहेत: `Search lost IS (budget)` आणि `Search lost IS (rank)`. जाहिरात दिसण्याच्या किती संधी पैसे संपल्यामुळे हुकल्या ते पहिला सांगतो. बोली किंवा जाहिरातीचा दर्जा कमी पडल्यामुळे किती हुकल्या ते दुसरा. समजा, नव्या ग्राहकांच्या कॅम्पेनमध्ये तुमची जाहिरात ४० टक्के वेळा दिसली, ३५ टक्के संधी बजेटमुळे गेल्या आणि २५ टक्के बोलीमुळे. याचा अर्थ असा की नुसते पैसे वाढवून तुम्ही ४० वरून ७५ पर्यंत जाऊ शकता, म्हणजे साधारण १.९ पट. खर्चाच्या भाषेत ७०,००० वरून सुमारे १,३०,००० पर्यंत. तोवर तुम्ही त्याच शोधांवरचे, त्याच जातीचे क्लिक विकत घेत असता.

त्यापुढे मात्र दोनच वाटा उरतात. बोली वाढवून इतरांच्या वर जायचं, नाहीतर नवे शोधशब्द आणि नवी माणसं जोडायची. बोली वाढवली की नव्या क्लिकबरोबर आधी स्वस्तात मिळणारे क्लिकही महागतात, कारण वाढीव बोली सगळ्यांनाच लागू होते. आणि नवे शब्द म्हणजे तुम्ही सुरुवातीला मुद्दाम वगळलेले शब्द. ते वगळले होते त्याला कारण होतं ना? २,५४,००० पैकी निम्मे पैसे या प्रदेशात खर्च होणार आहेत.

ही घसरण आकड्यात पकडायला मी एक साधा घातांक वापरते. खर्च जितक्या पटीनं वाढेल, त्या पटीवर हा घातांक चढवायचा आणि आलेल्या संख्येनं जुन्या ऑर्डरींना गुणायचं. घातांक १ असेल तर खर्च दुप्पट केल्यावर ऑर्डरीही दुप्पट. ०.७ असेल तर खर्च दुप्पट केल्यावर ऑर्डरी १.६ पट. एक्सेलमध्ये एका ओळीचं काम आहे:

```
=60*(254000/70000)^0.7
```

उत्तर येतं १४८. जुन्या दरानं २१८ येत होत्या, त्या १४८ वर आल्या.

आता तुम्ही विचाराल की ०.७ आणला कुठून. तुमच्या इतिहासात कधी खर्चात मोठी उडी मारली असेल तर तिथून काढता येतो. समजा, एका महिन्यात या कॅम्पेनवर ६०,००० गेले आणि ५३ ऑर्डरी आल्या, पुढच्या महिन्यात ९०,००० गेले आणि ७० आल्या:

```
=LN(70/53)/LN(90000/60000)
```

हे ०.६९ येतं. पण इथे फार खूश होऊ नका. ५३ आणि ७० हे लहान आकडे आहेत. काहीही न बदलता अशा आकड्यांत सात-आठ ऑर्डरी इकडच्या तिकडे होतात. एका महिन्यात सात-आठ वर आणि दुसऱ्यात सात-आठ खाली असं धरून तेच सूत्र चालवलं तर घातांक ०.१ पासून १.३ पर्यंत कुठेही जातो. थोडक्यात, एका उडीवरून तो कळत नाही. चार-पाच वेगवेगळ्या खर्चांचे महिने असतील तर थोडा विश्वास ठेवता येतो, आणि तेव्हाही सीझनचा महिना त्यातून वगळावा लागतो, कारण सीझनला खर्चही वाढलेला असतो आणि मागणीही. मग घातांक एकाच्या वर जातो आणि माणसाला वाटतं, आपल्याला लॉटरी लागली.

म्हणून इतिहास तोकडा असला की मी नव्या ग्राहकांच्या शोध-जाहिरातींसाठी ०.६ ते ०.८५ हा पट्टा धरते. हा माझ्या हाताखालून गेलेल्या खात्यांवर बसलेला अंदाज आहे, नियम नव्हे. बजेटमुळे बऱ्याच संधी हुकत असतील तर वरच्या टोकाकडे, बोलीमुळे हुकत असतील तर खालच्या. ०.६ नं १३० ऑर्डरी येतात, ०.८५ नं १७९.

रीटार्गेटिंगला हीच रीत ०.८ नं लावली तर ७८ येतात. मधला अंदाज झाला ९९ + ७८ + १४८, म्हणजे ३२५ ऑर्डरी. १,५०० च्या हिशेबानं ४,८७,५००. तुमच्या ९ लाखांच्या निम्म्याहून थोडी जास्त.

(सरासरी ऑर्डरचाही एक धागा आहे, पण तो लांबवत नाही. नवा ग्राहक पहिल्या खेपेला बहुधा लहान ऑर्डर देतो. जमलं तर १,५०० हा आकडाही कॅम्पेननिहाय फोडा.)

साहेबांना खरं तर हा तक्ता लागेल

विक्री किती, हा प्रश्न साहेबांनी विचारलाय. पण ३ लाखांचा आकडा दगडावर कोरलेला नसेल, तर मी नेहमी मधल्या पायऱ्याही मांडते. तीच सूत्रं, फक्त बजेट वेगवेगळं:

| बजेट | एकूण ऑर्डरी | आधीच्या पायरीपेक्षा जास्त | त्या प्रत्येक जास्तीच्या ऑर्डरीचा खर्च |
|---|---|---|---|
| १,००,००० | २०० | – | – |
| १,५०,००० | २४३ | ४३ | सुमारे १,१६० |
| २,००,००० | २७५ | ३२ | सुमारे १,५६० |
| ३,००,००० | ३२५ | ५० | २,००० |

शेवटचा रकाना सावकाश वाचा. आज तुम्हाला एक ऑर्डर सरासरी ५०० ला पडते. बजेट ३ लाख झाल्यावर सरासरी ९२३ होईल आणि रिपोर्टमध्ये ती काही फार वाईट दिसणार नाही. पण शेवटच्या १ लाखातली प्रत्येक ऑर्डर २,००० ला पडतेय आणि ऑर्डर आहे १,५०० ची. म्हणजे ऑर्डरीच्या किमतीपेक्षा जाहिरातीचा खर्च जास्त. नफ्यातोट्याचा मुद्दा तर अजून आलेलाच नाही.

तो आणायचा तर तुमचं मार्जिन हवं. ते तुम्ही लिहिलेलं नाही. समजा ४० टक्के आहे, म्हणजे ऑर्डरीमागे ६०० सुटतात. आता पहिल्या तक्त्यातल्या नव्या ग्राहकांच्या ओळीकडे परत जा. ७०,००० खर्चून ६० ऑर्डरी, म्हणजे ऑर्डरीला १,१६७. हे कॅम्पेन पहिल्या ऑर्डरीवर आजही तोट्यात आहे. ब्रँडच्या नावाच्या ९० स्वस्त ऑर्डरींनी सरासरी खाली ओढून तो तोटा झाकलाय, एवढंच.

याचा अर्थ ते बंद करा, असा नाही. तुमचे ग्राहक वर्षात तीनदा परत येत असतील तर १,१६७ परवडतात, कदाचित २,००० सुद्धा. एकदाच विकली जाणारी वस्तू असेल तर आजचे ७०,००० च जास्त आहेत. हे उत्तर जाहिरातीच्या खात्यात सापडणार नाही. ते तुमच्या बिलांच्या नोंदीत आहे: नवे ग्राहक वर्षभरात सरासरी किती ऑर्डरी देतात, ते हिशेब बघणाऱ्यांना विचारा.

एक आकडा नको, पट्टा द्या

३२५ असा एकच आकडा लिहून दिलात तर ३०० आल्यावर तुम्ही चुकलात आणि ३५० आल्यावर तुम्हाला व्यवसाय कळत नाही. मी पट्टा देते, आणि पट्टा कशामुळे रुंद आहे तेही खाली लिहिते.

अनिश्चितता दोन जागी आहे. पहिली मुळच्या दरात. नव्या ग्राहकांचा १ टक्का हा सहा महिन्यांच्या ३६,००० क्लिक आणि ३६० ऑर्डरींवरून आलाय. त्याचा ९० टक्के खात्रीचा पट्टा एक्सेलमध्ये असा निघतो:

```
=BETA.INV(0.05, 361, 35641)
=BETA.INV(0.95, 361, 35641)
```

३६१ म्हणजे ऑर्डरी अधिक एक, ३५,६४१ म्हणजे ऑर्डर न देणारे क्लिक अधिक एक. उत्तर येतं ०.९२ ते १.०९ टक्के. अगदी घट्ट पट्टा. याउलट, नवीन सुरू केलेल्या कॅम्पेनमध्ये १०० क्लिकवर ३ ऑर्डरी आल्या म्हणून कोणी ३ टक्के लिहिलं, तर त्याच सूत्रानं पट्टा सुमारे १.४ ते ७.५ टक्के येतो. तशा ३ टक्क्यांवर अंदाज बांधणं म्हणजे नाणं उडवणं. साधारण १०० ऑर्डरी जमेपर्यंत मी कोणत्याही कॅम्पेनचा स्वतंत्र दर वापरत नाही, त्याच्यासारख्या जुन्या कॅम्पेनचा दर उसना घेते.

दुसरी जागा म्हणजे तो घातांक, आणि तुमच्या बाबतीत सगळा खेळ तिथे आहे. दराच्या अनिश्चिततेनं नव्या ग्राहकांच्या १४८ ऑर्डरी बारा-तेरानं हलतील. घातांकानं त्या १३० ते १७९ हलतात. लोक उलटं करतात: दराचे दशांश घासत बसतात आणि खर्च वाढल्यावर काय होईल, ते सरळ रेषेवर सोडून देतात.

सगळी वाईट टोकं एकत्र आणि सगळी चांगली टोकं एकत्र, असं मात्र करू नका. ती सगळी एकाच महिन्यात जुळून येत नाहीत आणि पट्टा इतका रुंद होतो की त्याचा कोणाला उपयोग नाही. तुमच्या उदाहरणात मी २८० ते ३७० लिहीन, मध्य ३२५. विक्रीत साधारण ४.२ ते ५.५ लाख. माल मागवायचा तो खालच्या टोकाजवळ, आणि पुरवठादाराशी वरच्या टोकापर्यंत लवकर माल मिळण्याची बोलणी आधीच करून ठेवायची. गोदामाची दारं मोकळी राहतात.

पहिला महिना अंदाजापेक्षा कमीच दिसेल

हे आधीच लिहून ठेवा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात फोन येतो. आज क्लिक केलेला माणूस आजच विकत घेईल असं नाही. समजा, तुमच्याकडे १०० पैकी ६० ऑर्डरी त्याच दिवशी येतात, आणखी २५ आठवड्याभरात आणि उरलेल्या १५ महिनाभरात. मग एका महिन्यात मिळालेल्या क्लिकच्या साधारण आठव्या हिश्श्याच्या ऑर्डरी पुढच्या महिन्यात पडतात. चालू खात्यात हे जाणवत नाही, कारण मागच्या महिन्याच्या तेवढ्याच ऑर्डरी या महिन्यात येऊन भरपाई करतात. पण बजेट वाढवलेल्या पहिल्या महिन्यात वाढीव खर्चाला मागचा महिनाच नसतो. आपल्या जास्तीच्या १२५ पैकी पंधरा-सोळा ऑर्डरी पुढे सरकतील. पहिल्या महिन्याचा मध्य ३२५ नाही, ३१० धरा.

याच कारणानं जुना दर काढतानाही शेवटचे दोन-तीन आठवडे वगळा. गूगल अॅड्स नेहमीच्या `Conversions` कॉलममध्ये ऑर्डर ही क्लिकच्या तारखेला मांडतं, विक्रीच्या तारखेला नाही, आणि मुळच्या सेटिंगनुसार क्लिकनंतर ३० दिवसांपर्यंतची ऑर्डर मोजतं. म्हणून अलीकडचे दिवस कायम अशक्त दिसतात. महिनाभरानं तोच रिपोर्ट उघडा, आकडे वाढलेले असतील. विक्रीच्या तारखेनुसार बघायचं असेल तर `Conversions (by conv. time)` हा वेगळा कॉलम आहे.

आणि दोन-तीन ठिकाणी जाहिराती करत असाल तर त्यांच्या ऑर्डरींची बेरीज एकदा प्रत्यक्ष बिलांशी ताडून बघा. एकच ऑर्डर दोघंही आपल्या नावावर लावतात. बेरीज २०० आणि जाहिरातीतून आलेली म्हणता येतील अशी बिलं १६०, असं निघालं तर वरचा सगळा हिशेब १६० पासून पुन्हा करायचा. ब्रँडच्या नावाच्या ९० पैकी काही जण जाहिरात नसती तरी आलेच असते, तो आणखी वेगळा हिशेब. तो जाहिरात काही दिवस काही भागात थांबवल्याशिवाय कळत नाही.

मी तुमच्या जागी असते तर

थेट ३ लाखांवर गेले नसते. पहिला महिना १,५०,०००. त्यातला वाढीव भाग जवळजवळ सगळा नव्या ग्राहकांवर, आणि त्या महिन्यात दुसरं काही बदलायचं नाही: ना सूट, ना नवं पान, ना किंमत. महिना संपल्यावर आणखी दोन आठवडे थांबायचं, म्हणजे उशिरा येणाऱ्या ऑर्डरीही मोजल्या जातील. त्या कॅम्पेनमध्ये ६० च्या सुमारे ८४ ऑर्डरी झाल्या तर ०.७ जवळपास बरोबर. ७५ च्या खाली राहिल्या तर २ लाखांवर जायचं कारण उरत नाही. ९५ च्या वर गेल्या तर माझा ०.७ तुमच्यासाठी फार सावध होता, तक्ता पुन्हा मांडा आणि पुढची पायरी चढा.

साहेबांना द्यायच्या कागदावर तीन गोष्टी पुरतात: २८० ते ३७० हा पट्टा, पायऱ्यांचा तक्ता, आणि पहिल्या महिन्याची ७५ आणि ९५ ही दोन खुणेची ठिकाणं. तुमची कॅम्पेननिहाय फोड, मार्जिन आणि ग्राहक परत येण्याचं प्रमाण इथे टाकलंत तर तुमच्या खऱ्या आकड्यांवर हाच तक्ता पुन्हा करून देईन.